या चुका टाळा: पेटी कॅश डबा बघून भरू नका, व्हाउचर बघून भरा

लातूरला मार्केट यार्डाजवळच्या एका छोट्या ऑफिसचे हिशेब मी बघायचो. किरकोळ खर्चासाठी, म्हणजे पेटी कॅशसाठी, तिथे ५,००० रुपयांचा डबा ठरलेला होता. यालाच इंप्रेस्ट म्हणतात. कोणत्याही दिवशी डबा उघडला की रोख आणि व्हाउचर मिळून ५,००० भरलेच पाहिजेत.

एका एप्रिलमध्ये पाण्याचं टँकर ८००, जार ६४०, चहा १,१५०, झेरॉक्स-स्टेशनरी ७८५ आणि टेम्पोभाडं ९०० अशी ४,२७५ ची व्हाउचरं निघाली. रोख ७२५ हवी होती, निघाली २२५. मालक म्हणाले, "डब्यात २२५ आहेत ना? मग ४,७७५ टाका, झाले पाच हजार." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डबा भरतो खरा, पण ५०० ची तूट दिसेनाशी होते आणि हिशेब जुळवायला कुणीतरी ती 'किरकोळ खर्चा'त ढकलतं.

भरायचे ते व्हाउचरांच्या बेरजेइतकेच, म्हणजे ४,२७५. मग डब्यात ४,५०० होतात आणि तूट डोळ्यासमोर राहते. आम्ही तसंच केलं. दोन दिवसांनी ऑफिसातल्या पोरालाच आठवलं, गावी जाताना त्याने ५०० ची उचल घेतली होती. चिठ्ठी कुणीच लिहिली नव्हती. खरं तर या डब्यातून उचल देऊच नये. द्यावीच लागली तर सही घेऊन चिठ्ठी डब्यात टाका आणि पगारातून वळती करा.

तूट किती आहे यावरूनही माग लागतो. ५०० किंवा १,००० असा गोल आकडा असेल तर आधी उचल आठवा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेलेत का बघा; ७८५ चे ८७५ झाले तर ९० चा फरक पडतो. काहीच सापडलं नाही तर मालकाच्या सहीने 'रोकड तूट' असं वेगळं व्हाउचर करा, मगच ते पैसे भरा.

दुसरा घोळ टॅलीत होतो. एक तर डबा भरताना खर्चाची खाती नावे टाकून बँक जमा करा, किंवा प्रत्येक व्हाउचर पेटी कॅशमधून टाकून भरताना बँकेतून पेटी कॅशमध्ये पैसे आल्याची कॉन्ट्रा नोंद करा. दोन्ही चालतं, पण दोन्ही एकत्र केलं की खर्च दुप्पट होतो. ओळखायचं कसं? डब्यात पूर्ण ५,००० आहेत आणि पेटी कॅशचं खातं ७२५ दाखवतंय. उलट ते ९,२७५ दाखवत असेल तर कॉन्ट्रा झाली, पण व्हाउचर टाकायची राहिलीत.

पहिल्या पद्धतीने लिहीत असाल तर ३१ मार्चला डबा अर्धा रिकामा असला तरी भरून घ्या. नाहीतर मार्चचा चहा आणि टेम्पो पुढच्या वर्षाच्या खर्चात जाऊन बसतो.