लँगम्युअरच्या प्रॅक्टिकलआधी काय तयार ठेवायचं

कोळशावर वायू शोषला जाण्याचं प्रॅक्टिकल असेल, तर आधी कोळशाकडे बघा. मुंबईत, त्यातही पावसाळ्यात, उघडी राहिलेली बाटली दमट हवेतलं पाणी भरपूर ओढून घेते. तो नमुना निर्वातात तापवून कोरडा करायचा आणि कोरडा झाल्यावरच वजन करायचं. नाहीतर पाणी जागा अडवतं, वजनही फुगतं आणि प्रति ग्रॅम क्षमता दोन्हींमुळे कमी येते.

बाथमध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही हवं. शेवटच्या रीडिंगपर्यंत पुरेल एवढा बर्फ आधीच आणून ठेवा. दाब वाढवत नेताना बाथ तापू लागला तर वायू कमी शोषला जातो आणि दाब भागिले शोषलेलं आकारमान या आलेखाची उजवी बाजू वर वळते. आकारमानं प्रमाण तापमान-दाबाला आणली आहेत ना, तेही पाहा.

आता आकडेमोड. P म्हणजे दाब, V म्हणजे एक ग्रॅमवर शोषलेलं आकारमान, Vm म्हणजे पृष्ठभाग पूर्ण भरल्यावरची क्षमता आणि K हा स्थिरांक. लँगम्युअरचं समीकरण असं लिहून ठेवा:

P/V = P/Vm + 1/(K·Vm)

सरावासाठी हे आकडे घ्या. दाब ५०, १००, २००, ४००, ६०० टॉर. एक ग्रॅमवर शोषलेला वायू ८.०, १३.३, २०.०, २६.७, ३०.० घन सेंमी. शेवटचा आकडा ३० आहे म्हणून क्षमता ३० लिहायचा मोह होतो. पण पृष्ठभाग अजून भरलेलाच नाही. P/V काढा: ६.२५, ७.५२, १०.०, १५.०, २०.०. हे P विरुद्ध मांडलं की स्लोप ०.०२५ आणि इंटरसेप्ट ५.० येतो. स्लोप उलटा केला की Vm ४० घन सेंमी. स्लोपला इंटरसेप्टने भागलं की K ०.००५ प्रति टॉर. पडताळा सोपा आहे: १/K म्हणजे २०० टॉरला निम्मी क्षमता भरलेली हवी, आणि तिथे बरोबर २० आहे.

1/V विरुद्ध 1/P हा आलेखही चालतो, पण मी तो टाळेन. पहिलं रीडिंग ८.० ऐवजी ७.५ आलं, तर त्या आलेखातून Vm सुमारे ४३ येतो, P/V च्या आलेखातून सुमारे ४१. कमी दाबाचं रीडिंग सगळ्यात कच्चं, आणि उलटे आकडे घेतल्यावर रेषेवर जोर त्याचाच.

P/V चा आलेख हाती आला की रेषेला पट्टी लावून बघा. जास्त दाबाचे बिंदू रेषेखाली घसरत असतील तर पहिल्या थरावर दुसरा चढतोय; मग ते बिंदू सोडून कमी दाबाच्या भागातूनच Vm काढा, आणि जर्नलमध्ये तसं लिहा. रेणू तुटून दोन अणू दोन जागा धरत असतील, जसा काही धातूंवर हायड्रोजन, तर दोन्हीकडे P ऐवजी √P घ्यावा लागतो.