मित्रांपुरता माइनक्राफ्ट सर्व्हर: घरी चालवावा की भाड्याने घ्यावा, याची तयारी

आम्ही पाच जण आहोत: बेळगावात मी, एक खानापूरला, एक निपाणीला, एक पुण्यात नोकरीला आणि एक बेंगळुरूला हॉस्टेलवर. खेळ रोज रात्री नऊ ते साडेअकरा. सर्व्हर माझ्या जुन्या संगणकावर ठेवला तर फुकटात काम होईल आणि खानापूर-निपाणीला पिंगही कमी मिळेल, असे आम्ही गृहीत धरले होते. या दोन्ही समजुती आधी तपासून घ्याव्यात.

सर्वांत आधी राउटरच्या पानावर WAN IP पाहावा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या आपल्या पत्त्याशी जुळत नसेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जात आहे असे समजावे. अशा वेळी राउटरमध्ये 25565 हे पोर्ट कितीही काळजीपूर्वक उघडले तरी बाहेरचा मित्र आत येऊ शकत नाही. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या आणि दोष विंडोजच्या फायरवॉलला देत राहिलो. इंटरनेट सेवादाराकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. ती रक्कम विचारल्याशिवाय पुढचा हिशेब मांडू नये.

खर्चात विजेचा वाटा वाटतो त्याहून लहान असतो. साठ वॅट घेणारा संगणक चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 43 युनिट होतात. युनिटला सहा रुपये धरले तर ते 260 रुपये झाले, आणि फक्त खेळाच्या अडीच तासांपुरता चालवला तर तीसही होत नाहीत. दुसरीकडे 4 जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर महिना 24 डॉलरच्या आसपास मिळतो. डॉलर नव्वद रुपयांचा धरून आणि 18 टक्के जीएसटी मिळवून ते साधारण 2,550 रुपये, म्हणजे माणशी 510 होतात. तासावर भाडे घेतले तर महिन्याचे 75 तास तीनशे रुपयांच्या आत बसतात. मात्र बऱ्याच ठिकाणी सर्व्हर नुसता बंद केला तरी मीटर चालूच राहतो, म्हणून खेळ संपल्यावर त्याची जशीच्या तशी प्रत साठवून तो काढून टाकावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी बहुधा नवा पत्ता सर्वांना कळवावा लागतो. हे काम रोज कोण करणार, ते आधीच ठरवावे.

पिंगची चाचणी प्रत्येकाने आपापल्या घरून, रात्री खेळाच्याच वेळी करावी. दुपारचे आकडे कामाचे नाहीत. खानापूरच्या मित्राने माझ्या घरच्या पत्त्यावर पिंग केले तेव्हा 34 मिलिसेकंद आले आणि मुंबईतल्या सर्व्हरवर 22. अंतर पाहिले तर हे उलटेच वाटते. पण त्याचे आणि माझे इंटरनेट वेगवेगळ्या कंपन्यांचे आहे, आणि `tracert` चालवून पाहिल्यावर त्याची वाट आधी मुंबईला जाऊन तिथून बेळगावला परत येताना दिसली. म्हणजे घरचा सर्व्हर त्याला जवळ नव्हताच.

याहून महत्त्वाची चाचणी घरातली आहे. एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवत असताना मित्राला पिंग चालू ठेवायला सांगावे. आमच्याकडे आकडा दीडशेच्या पुढे गेला, कारण अपलोडच्या रांगेत खेळाची पाकिटेही अडकतात. घरी सर्व्हर ठेवणाऱ्याने रात्री घरातल्या कोणी व्हिडिओ पाठवू नये असा नियम करायचा की राउटरमध्ये अपलोडवर मर्यादा घालायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मर्यादा घालीन, कारण आईला नियम सांगणे मला जमणार नाही.

खेळ अडखळला की लगेच इंटरनेटला दोष देऊ नये. माइनक्राफ्ट सेकंदाला वीस वेळा जगाचा हिशेब करतो, त्यामुळे एका फेरीला पन्नास मिलिसेकंदच मिळतात. सर्व्हरच्या खिडकीत `Can't keep up!` अशी ओळ वारंवार येत असेल तर सर्व्हरलाच काम पेलत नाही, आणि तिथे पिंग सुधारून काही होणार नाही. `server.properties` मध्ये दृष्टीचे अंतर कमी करून पाहावे आणि त्याच वेळी अनोळखी लोकांना दारही बंद करावे:

```
view-distance=8
white-list=true
enforce-whitelist=true
```

ज्यांना प्रवेश द्यायचा त्यांची नावे मग सर्व्हरच्या खिडकीत `whitelist add` लिहून एकेक करून भरावीत.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे करंट कधी जाईल याचा नेम नसतो. संगणक अचानक बंद पडला तर शेवटच्या काही मिनिटांतले बांधकाम जाते, क्वचित जगाची फाइलही बिघडते. यूपीएस घेतला तर राउटरही त्यावरच लावावा, नाहीतर सर्व्हर जिवंत राहतो आणि मित्र मात्र बाहेर फेकले जातात. हा यूपीएसचा खर्च, स्वतंत्र पत्त्याचे भाडे आणि वीज यांची बेरीज तासाच्या भाड्याजवळ येत असल्याने आम्ही पावसाचे चार महिने मुंबईतला सर्व्हर तासावर घेतो. तो सुरू करून काढून टाकण्याची पाळी निपाणीच्या मित्राकडे आहे, कारण सर्वांत शेवटी झोपणारा तोच.