व्हीएनसी की आरडीपी? या चुका टाळा

सहकाऱ्याला एखाद्या प्रोग्रॅममध्ये कुठे क्लिक करायचं ते दाखवायचंय, म्हणून तुम्ही त्याच्याच खात्याने त्याच्या विंडोज मशीनवर आरडीपीने, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा डेस्कटॉप लांबून चालवायच्या विंडोजच्या सोयीने, शिरता. तुम्हाला डेस्कटॉप दिसतो, पण त्याच्यासमोर मात्र लॉक स्क्रीन येते. हा बिघाड नाही. साध्या विंडोजमध्ये आरडीपी त्याचं सेशन तुमच्याकडे वळवतं. तुम्ही बाहेर पडल्यावर त्याने पासवर्ड टाकला की त्याच्या खिडक्या होत्या तशा परत मिळतात. दोघांनी एकच स्क्रीन एकाच वेळी बघायची असेल तर व्हीएनसी घ्या. तिथे मॉनिटरवर जे दिसतं तेच तुम्हालाही दिसतं.

लिनक्सवर याच्या उलट फसगत होते. `vncserver` चालवलं की बहुधा `:1` हा नवा, आभासी डेस्कटॉप तयार होतो आणि तो 5901 पोर्टवर मिळतो. मॉनिटरवर उघडलेलं काम त्यात शोधून सापडणार नाही. खरी स्क्रीन हवी असेल तर `x0vncserver` किंवा `x11vnc` लागतं. लिनक्सवर स्क्रीन दाखवण्याच्या एक्स11 आणि वेलँड अशा दोन यंत्रणा आहेत. ही दोन्ही एक्स11 सेशनसाठी आहेत, वेलँडवर त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

आता वेग. व्हीएनसी मुळात पिक्सेल पाठवतं. 1920×1080 ची एक पूर्ण स्क्रीन, दर पिक्सेलला 4 बाइट धरले तर सुमारे 83 लाख बाइट होते. 10 एमबीपीएसच्या लाइनवर ती जशीच्या तशी पाठवायला साडेसहा सेकंद लागतील. म्हणून व्ह्यूअरमध्ये एन्कोडिंग Raw वर राहिलं असेल तर आधी ते Tight करा, मग रंग कमी करा. बदललेला भागच पाठवला जातो, त्यामुळे टायपिंग सुरळीत चालतं आणि व्हिडिओ लावला की अडखळायला लागतं. विंडोजवर आरडीपी हे काम बरंच हलकं करतं, कारण काय बदललं हे त्याला आतूनच कळतं. दिवसभराच्या कामाला मी तेच निवडेन.

सगळ्यात महाग पडणारी चूक एन्क्रिप्शनची. आजचं आरडीपी सहसा टीएलएसमधून जातं. व्हीएनसीची जुनी, अजूनही सर्रास वापरली जाणारी पद्धत फक्त लॉगिन सांभाळते, तेही पासवर्डची पहिली 8 अक्षरंच धरून. पुढची स्क्रीन आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ उघडी जाते. काही सर्व्हर टीएलएस देतात, पण खात्री नसेल तर एसएसएच बोगदा करा:

```
ssh -L 5901:localhost:5901 user@server
```

मग व्ह्यूअरमध्ये `localhost:5901` द्या. काही व्ह्यूअरमध्ये एकेरी कोलननंतरचा आकडा डिस्प्ले क्रमांक समजला जातो, तिथे `localhost::5901` लागतं. बोगदा केला तरी मूळ पोर्ट उघडा राहिलेला असू शकतो, तेव्हा सर्व्हरवर `ss -tln` चालवून बघा. `0.0.0.0:5901` दिसलं तर तो सगळ्यांना खुला आहे. सर्व्हर `-localhost` पर्याय देऊन पुन्हा सुरू करा आणि तिथे `127.0.0.1:5901` येईपर्यंत पासवर्ड टाकू नका.