अपार्टमेंट कमिटीला एक महिन्याच्या चाचणीचा प्रस्ताव पाठवताना या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ या भागांत अपार्टमेंट वाढले, तशा हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी पुरवणाऱ्या लहान एजन्सीही वाढल्या. नवे काम मिळवण्यासाठी त्या कमिट्यांना ‘एक महिना आमची सेवा घेऊन पाहा’ असा ईमेल पाठवतात. कल्पना चांगली आहे. परंतु बहुतेक ईमेलना उत्तर येत नाही, आणि ज्यांना येते त्यांतल्या कित्येकांचे पहिल्या बिलावरूनच बिनसते. याची कारणे बहुधा सेवेत नसून ईमेलच्या मजकुरात असतात.

उत्तर न येण्याचे सर्वांत मोठे कारण असे की, ईमेल लिहिणारा कमिटीकडे आज कोणीच काम करत नाही असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात गेटवर कोणत्या ना कोणत्या एजन्सीचा वॉचमन असतोच आणि त्या एजन्सीच्या करारात बहुधा महिनाभर आधी नोटीस देण्याची अट असते. अशा वेळी संपूर्ण कामाची चाचणी घ्यायची, तर कमिटीला एक तर दोन्ही एजन्सींना पैसे द्यावे लागतात, नाही तर नव्या माणसांचा अनुभव नसताना जुन्यांना काढावे लागते. यातले काहीही सेक्रेटरी स्वतःच्या जबाबदारीवर करणार नाही. म्हणून चाचणी कामाच्या एखाद्याच भागाची सुचवावी. जिने, पार्किंग आणि कचरा वेगळा करून देण्याचे काम महिनाभर आमच्याकडे द्या, गेटची व्यवस्था आहे तशीच राहू द्या, असा प्रस्ताव मासिक बैठकीत मांडता येतो आणि मंजूरही होऊ शकतो. गेटचेच काम हवे असेल, तर ‘सध्याच्या एजन्सीची नोटीस पूर्ण झाल्यानंतरच्या एक तारखेपासून’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक आकड्यांची आहे आणि तीच सर्वांत महागात पडते. उदाहरण म्हणून ४८ फ्लॅट आणि एक गेट असलेले अपार्टमेंट घेऊ. गेटवर चोवीस तास माणूस हवा, म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्या आल्या. एजन्सी ईमेलमध्ये लिहिते : ‘३ गार्ड, प्रत्येकी २०,८०० रुपये, एकूण ६२,४०० रुपये.’ कमिटी हा आकडा ४८ने भागते, प्रत्येक फ्लॅटवर १,३०० रुपये येतात आणि त्याच हिशेबावर सभासदांची संमती घेतली जाते.

आता ड्यूटी मोजू. तीस दिवसांच्या महिन्यात तीन पाळ्यांच्या ९० ड्यूटी होतात. साप्ताहिक सुट्टी धरता एक गार्ड २६ ड्यूटी करतो, म्हणजे तिघे मिळून ७८. उरलेल्या १२ ड्यूटींसाठी रिलीव्हर लागतोच, पण ईमेलमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. २०,८०० रुपयांना २६ने भागले की एका ड्यूटीचे ८०० रुपये येतात. १२ ड्यूटींचे ९,६०० रुपये धरले की रक्कम ७२,००० होते. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२,९६० रुपये चढतात आणि बिल ८४,९६० रुपयांचे होते. प्रत्येक फ्लॅटवर आता १,७७० रुपये पडतात. एजन्सीने यात एक रुपयाही गैर लावलेला नसतो, तरीही मंजुरी १,३००ची आणि बिल १,७७०चे म्हटल्यावर सेक्रेटरीला सभासदांसमोर मान खाली घालावी लागते आणि चाचणी तिथेच संपते.

हा दर केवळ हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे. प्रत्यक्ष दर ठरवताना कर्नाटक सरकारने जाहीर केलेले चालू किमान वेतन, त्यावरील पीएफ आणि ईएसआयचा मालकाचा वाटा, गणवेश आणि एजन्सीचा स्वतःचा खर्च हे सर्व धरावे लागते, आणि ईमेलमध्ये ते वेगवेगळ्या ओळींत दाखवावे. रिलीव्हर टाळण्यासाठी बारा-बारा तासांचे दोन गार्ड दाखवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. तो हिशेबात न धरता दिलेला स्वस्त दर गार्डच्याच खिशातून काढलेला असतो. पहाटे तीन वाजता गेटवर झोपलेला वॉचमन पाहून कमिटी त्याला दोष देते, तेव्हा बारा तासांच्या पाळीत तो रात्रभर जागा असण्याची अपेक्षाच मुळात चुकीची असते.

याच कारणाने ‘पहिला महिना मोफत’ असे लिहू नये. चाचणी असली तरी कामगाराला पूर्ण वेतन मिळालेच पाहिजे, आणि हे ज्या कमिटीतल्या एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला किंवा कारखानदाराला कळते, ती कमिटी मोफत शब्दानेच सावध होते. सवलत द्यायचीच असेल, तर ती एजन्सीच्या सेवाशुल्कात द्यावी आणि तसे नमूद करावे.

महिन्यानंतर काय होणार, हे तर बहुतेक ईमेलमध्ये नसतेच. एकतिसाव्या दिवशी गार्ड येत राहतो, कोणी काही बोलत नाही, आणि पुढच्या बिलाच्या वेळी ‘आम्ही होकार दिलाच नव्हता’ हा वाद उभा राहतो. त्यासाठी पुढील मजकूर पुरेसा आहे :

‘चाचणी १ तारखेला सुरू होऊन महिनाअखेरीस संपेल. २५ तारखेपर्यंत कमिटीने लेखी होकार कळवला नाही, तर आमची माणसे शेवटच्या पाळीनंतर काम थांबवतील आणि केवळ प्रत्यक्ष ड्यूटींचे बिल दिले जाईल. गेटवरील हजेरीपुस्तकाची दर आठवड्याची प्रत सेक्रेटरींना मिळेल. रिकामी गेलेली ड्यूटी बिलात धरली जाणार नाही.’

शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. महिन्याच्या शेवटी निर्णय कशावरून घ्यायचा, हे ते ठरवून देते : किती ड्यूटी रिकाम्या गेल्या आणि रिलीव्हर किती वेळात आला. मात्र महिना विचारपूर्वक निवडावा. खानापूर तालुक्यातून किंवा आसपासच्या गावांतून येणारे कामगार गणेशोत्सवात आणि पेरणीच्या दिवसांत गावी जातात; त्या काळात नवी एजन्सी रिलीव्हर पुरवू शकत नाही आणि चाचणीचा निकाल आधीच ठरल्यासारखा होतो.

परवान्याबाबत सीमाभागात एक चूक वारंवार दिसते. खासगी सुरक्षा एजन्सींना २००५च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागतो आणि तो राज्यनिहाय मिळतो. कोल्हापूर किंवा गडहिंग्लज येथे काम करणाऱ्या एजन्सीचा महाराष्ट्राचा परवाना बेळगावात चालत नाही. कर्नाटकचा परवाना असला, तरी तो एका जिल्ह्यापुरता, काही जिल्ह्यांपुरता की संपूर्ण राज्यासाठी आहे, हे पाहावे लागते. परवान्याची प्रत ईमेलला जोडावी आणि मुदत केव्हा संपते ते मजकुरातच लिहावे. हाउसकीपिंगला हा परवाना लागत नाही. परवाना अजून हाती आला नसेल, तर चाचणी तेवढ्याच कामाची सुचवावी.

कमिटीत मराठी सभासदांबरोबर कन्नड भाषक असतातच, त्यामुळे दर आणि अटींचे एक पान कन्नडमध्येही जोडावे. हे पान सेक्रेटरी सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसेच पुढे पाठवतो. म्हणून जीएसटीसह एकूण रक्कम आणि प्रत्येक फ्लॅटवर येणारा भार त्याच पानावर सर्वांत वर असावा.