भाड्याचे आणि गुंतवणुकीचे प्रूफ द्यायला जानेवारी उजाडू देऊ नका, या चुका टाळा

मी पेरोलला काम करते आणि दर जानेवारीत तेच फोन येतात, "मॅडम, पगार एवढा कमी कसा आला?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, एप्रिलमध्ये कंपनीच्या पोर्टलवर आकडे टाकले पण कागद दिलेच नाहीत. डिक्लेरेशन म्हणजे फक्त तुमचा शब्द, त्या शब्दावर आम्ही डिसेंबरपर्यंत टीडीएस कमी कापतो आणि प्रूफ आलं नाही की वर्षभराचा राहिलेला टॅक्स जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीनच पगारांतून वसूल करावा लागतो.

२०२३-२४ ची एक केस सांगते, आमच्याच ऑफिसातल्या एका मुलाची. पगार वर्षाला १२ लाख, बेसिक महिना ५०,०००, एचआरए २०,०००, पुण्यात भाडं २२,०००. भाडं वर्षाचं २ लाख ६४ हजार, त्यातून बेसिकचे १० टक्के म्हणजे ६० हजार वजा केले की २ लाख ४ हजार उरतात. मिळालेला एचआरए आणि बेसिकचे ४० टक्के हे दोन्ही २ लाख ४० हजार, तिन्हीत कमी ते धरायचं, म्हणजे २ लाख ४ हजारांची सूट. त्यात ८०सी च्या गुंतवणुकीचे दीड लाख आणि ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून जुन्या रेजिमने वर्षाचा टॅक्स ७४,५६८ होत होता (प्रोफेशन टॅक्स सोडून देऊ), महिना ६,२१४. नव्या रेजिमने ८५,८०० झाला असता, म्हणजे त्याने जुनी निवडली ते बरोबरच होतं.

अडलं कुठे तर घरमालकाच्या पॅनवर. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावाच लागतो, आणि याने तो मागितला थेट जानेवारीत. मालक म्हणाले आत्ता गावाला आहे, आल्यावर बघू. पोर्टल बंद झालं, भाड्याची सूट गेली, टॅक्स झाला १,१७,०००. नऊ महिन्यांत ५५,९२६ कापून झाले होते, राहिलेले ६१,०७४ तीन पगारांत, म्हणजे महिन्याला २०,३५८! ६ हजारांची सवय असलेल्या माणसाच्या पगारातून अचानक २० हजार, आणि त्यात गाडीचा हप्ता चालू.

म्हणून पॅन अ‍ॅग्रीमेंट करतानाच मागून घ्या, तेव्हा मालकालाही भाडेकरू हवा असतो. मालकाकडे पॅन नसेलच तर नाव-पत्ता असलेलं तसं सहीचं लेखी घ्या. आपल्याकडे अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं, ते मध्येच संपतं आणि लोक नवीन अपलोडच करत नाहीत, मग पुढच्या महिन्यांचं भाडं अडकतं. आणखी एक घोळ म्हणजे अ‍ॅग्रीमेंट घरमालकिणीच्या नावावर आणि पैसे दर महिन्याला तिच्या मुलाच्या यूपीआयवर, असं दिसलं की आम्हाला प्रश्न विचारावाच लागतो. हे जूनमध्ये लक्षात आलं तर जुलैपासून पैसे मालकिणीच्या खात्यावर पाठवता येतात, जानेवारीत कळलं तर मागचे नऊ महिने बदलता येत नाहीत.

८०सी ला वेगळीच गडबड होते. तुमचा पीएफ आम्ही आधीच धरलेला असतो, वरच्या मुलाचाच बघा, बेसिकचे १२ टक्के म्हणजे महिना ६,०००, वर्षाचे ७२,०००. दीड लाखात उरले फक्त ७८ हजार. पण लोक वरून आणखी दीड लाखाचं ईएलएसएस नि विमा दाखवतात आणि टॅक्स वाचवायला म्हणून गरजेपेक्षा जास्त पैसे अडकवून बसतात. एप्रिलमध्येच पे स्लिप उघडून पीएफचा आकडा बघा, मग ठरवा.

आणि रेजिम दरवर्षी नव्याने तपासा. २०२३-२४ पासून काही सांगितलं नाही तर कंपनी नवी रेजिमच धरते आणि तिच्यात एचआरए, ८०सी काही मिळत नाही. २०२५-२६ ला तर नव्या रेजिममध्ये पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर टॅक्सच नाही, म्हणजे त्या मुलाने त्या वर्षी या कागदांच्या मागे पळायची गरजच नव्हती.

जानेवारीत कापले गेलेच तर आधी पेरोलला विचारा, मार्चचा पगार प्रोसेस व्हायच्या आत कागद घेतात का, घेतले तर उरलेल्या पगारांत अ‍ॅडजस्ट होतं. नाहीतर रिटर्नमध्ये एचआरए स्वतः क्लेम करता येतो, फक्त जुनी रेजिम हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरायचं. २०२३-२४ साठी मुदत ३१ जुलै २०२४ होती, त्या मुलाने जूनमध्येच भरलं, भाड्याच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवलं आणि ४२,४३२ चा रिफंड क्लेम केला.