ऑर्डर 7 रूल 11 चा अर्ज: अपील, रिव्हिजन की रिव्ह्यू?

समजा तालुक्याच्या ज्युनिअर डिव्हिजन कोर्टात जमिनीचा दावा चालूय आणि प्रतिवादीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 7 रूल 11 खाली अर्ज दिला की दावा मुदतीबाहेरचा आहे, फेटाळा. आता पुढचा रस्ता निकाल काय लागतो त्यावर ठरतो.

अर्ज मंजूर होऊन वादपत्रच फेटाळलं तर कायद्याने तो हुकूमनामा धरतात, म्हणून वादीने जिल्हा न्यायालयात अपील करायचं, 30 दिवसांत. तिथे वादपत्रातलं म्हणणं, कायदा सगळं नव्याने तपासलं जातं.

अर्ज नामंजूर झाला तर अपील नाहीच! मग प्रतिवादीला त्याच संहितेच्या कलम 115 खाली हायकोर्टात रिव्हिजन, मुदत 90 दिवस. 2002 च्या दुरुस्तीनंतर अट अशी की तो आदेश उलटा लागला असता तर दावाच संपला असता, आणि इथे ती बसते. साध्या तारखेच्या किंवा साक्षीदार बोलावण्याच्या आदेशाला बसत नाही. शिवाय हायकोर्ट फक्त अधिकारक्षेत्राची चूक बघतं, पुरावा परत तोलत नाही.

रिव्ह्यू, म्हणजे निकालाचा फेरविचार, निकाल देणाऱ्याच कोर्टात, 30 दिवसांत, पण रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक यासारखं ठोस कारण हवं, जसं दाखल असलेला दस्त बघायचाच राहिला. निकाल पटला नाही एवढ्यावर रिव्ह्यू टिकत नाही, आणि बरेच जण इथेच फसतात, कारण रिव्ह्यू टाकला म्हणून अपीलाचे 30 दिवस आपोआप थांबत नाहीत.

नकलेचा अर्ज लगेच द्या, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात.