शनिवारी रात्रीचं विरजण: थंडीत, उन्हाळ्यात, यंत्रात आणि कोपऱ्यात

रविवारी दुपारी तांबड्या रश्श्याच्या ताटात जो दही-कांदा लागतो, त्याचं दही घट्ट हवं आणि गोडसर हवं. आंबट झालं तर ते रश्श्याच्या तिखटाशी भांडतं, आणि पाणी सुटलं तर कांदा त्यात पोहत राहतो. एप्रिलमध्ये असं दही चुकणं हे आंबटपणाचं प्रकरण असतं, जानेवारीत ते न लागण्याचं असतं. म्हणून तयारी करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आज रात्री स्वयंपाकघर किती थंड होणार आहे. दही करायचं यंत्र काढायचं की उबेचा कोपरा शोधायचा, हे त्यावर ठरतं.

दुधापासून सुरुवात करू. एक लिटर म्हशीचं दूध घ्या. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून आणलं असेल तर ते कच्चं असतं, त्यामुळे उकळणं टाळता येत नाही. पिशवीचं घेत असाल तर फुल क्रीम घ्या, त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोण्डमध्ये ३ टक्केच असल्याने दही ढिलं लागतं आणि त्याचा दोष विनाकारण विरजणावर जातो. दुधाला एक उकळी आली की गॅस बारीक करून, तळाशी लागू न देता, १० मिनिटं आणखी तापू द्या. ही १० मिनिटं लोक वाचवतात आणि तिथेच घट्टपणा गमावतात. सतत तापलेल्या दुधात पाण्याबरोबर निघून जाणारी प्रथिनं केसीन या दुधाच्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, मग दह्याची जाळी दाट होते आणि पाणी धरून ठेवते. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असलं तरी त्यासाठी ते पुरेसं तापलेलं नसतं.

विरजण आदल्या दिवशीचं किंवा फार तर तीन दिवसांचं असावं. भांड्याच्या मधलं, वरचं पाणी न घेता काढावं, आणि फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर ठेवावं. प्रमाण चहाच्या चमच्याने सांगायचं तर एक लिटरला थंडीत कोपऱ्यात ठेवणार असाल तर तीन चमचे, यंत्रात दोन, आणि उन्हाळ्यात एक चमचा, तोही शिगेचा नको. वाटीत ते विरजण थोड्या कोमट दुधात फेटून गुठळी राहू देऊ नका. विरजणाची गुठळी जिथे राहते तिथे दही आधी आंबतं, आणि खाताना ती जागा जिभेला कळते. थंडीत घाबरून अर्धी वाटी विरजण घालण्याची सवय मात्र सोडा. त्याने दही लवकर लागतं, पण जुन्या दह्याचा आंबटपणाही त्याबरोबर येतो आणि पोत दाणेदार होतो.

आता दुधाची ऊब. इथे एक साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर निम्मे प्रश्न सुटतात. तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि काचेचा पाऱ्याचा असला तर दुधात घालणं धोक्याचं आहे. थंडीत विरजण लावताना दूध ४३ अंश असावं, उन्हाळ्यात ३७. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात दहा आकडे मोजेपर्यंत सहज राहावी, आणि दूध गरम आहे एवढं जाणवावं, ही थंडीची खूण. उन्हाळ्यात ते गरमही लागू नये आणि गारही लागू नये. ५० च्या वर विरजण घातलं तर बरेच जिवाणू मरतात किंवा मंदावतात आणि सकाळी तुम्हाला दह्याऐवजी दूधच मिळू शकतं. वरची साय गार वाटते पण खालचं दूध कढत असतं, म्हणून मोजण्याआधी एकदा डावाने हलवून घ्या.

कोपऱ्याचं म्हणाल तर जानेवारीत बाहेर रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतं आणि बंद स्वयंपाकघर २० च्या जवळ राहतं. अशा वेळी एक लिटरचं स्टीलचं पातेलं ओट्यावर नुसतं झाकून ठेवलं तर दोन-अडीच तासांत ते ३० च्या खाली येतं. लागायला पहिले तीन तास सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमकी तेव्हाच ऊब जाते. शिवाय कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा ओटा थंडीत पातेल्याच्या तळातली ऊब सरळ ओढून घेतो. म्हणून भांड्याखाली लाकडी पाट किंवा दोन घड्यांचा टॉवेल ठेवा, हे करायला पैसे लागत नाहीत. पातेल्यापेक्षा हॉटपॉट कधीही बरा. मात्र आत आधी उकळतं पाणी १० मिनिटं ठेवून ओतून टाका, नाहीतर त्याच्या स्टीललाच तापवण्यात दुधाची ऊब जाते. दूध गळ्यापर्यंत भरा, अर्ध्या रिकाम्या हॉटपॉटमध्ये वरची हवा ऊब खाते. मग झाकण लावून तो कणकेच्या डब्यात किंवा जाड चादरीत गुंडाळून कपाटात ठेवा. बंद ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवणारे आहेत. पिवळ्या फिलामेंटच्या बल्बने ते चालतं, एलईडीची ऊब त्याला पुरत नाही.

यंत्राकडे येऊ. दही करायच्या यंत्रात खाली छोटा तापवणारा पट्टा असतो आणि वर बरण्या किंवा एक डबा. महागात थर्मोस्टॅट असतो, म्हणजे ठरलेल्या ऊबेला पोहोचलं की तो पट्टा बंद-चालू करतो. स्वस्तात तो बहुधा नसतो, पट्टा सतत एकसारखा तापतो. मग आतली ऊब बाहेरच्या हवेवर ठरते. जानेवारीत जे यंत्र ४१ देतं तेच एप्रिलच्या दुपारी ४८ देतं. खरेदीनंतर पहिल्यांदा दूध घालण्याआधी बरण्यांत ४० अंशाचं पाणी भरून, झाकण लावून दोन तास चालवा, आणि मधल्या व कडेच्या बरणीचं पाणी मोजा. ४० ते ४४ मध्ये असेल तर ठीक. ४६ च्या पुढे गेलं तर दूध ३५ अंशालाच घाला आणि बरण्यांखाली सुती कापडाची एक पातळ घडी ठेवा. ३८ च्या खाली राहत असेल तर यंत्र ओट्यावरून उचलून पाटावर ठेवा, बरेचदा तेवढ्याने दोन-तीन अंश सुधारतात.

यंत्रातलं दही ४३ अंशाला साडेचार ते सहा तासांत लागतं. इथेच शनिवारचा हिशोब चुकतो. रात्री दहाला यंत्र लावून सकाळी सातला उठलात तर नऊ तास झाले, आणि वर हिरवट पाण्याचा थर दिसेल. ऊब जास्त वेळ मिळाली की आंबटपणा वाढतो, जाळी आकसते आणि पाणी बाहेर पडतं. म्हणून यंत्राला टायमर असलेलं सॉकेट लावा, किंवा लावण्याची वेळ बदला. शनिवारी दुपारी तीनला दूध तापवा, चारला विरजण, रात्री नऊला तपासा. लागलेलं असेल तर झाकण हळूच काढा, वर जमलेलं दव दह्यात पडू देऊ नका, बरण्या लगेच बाहेर काढा. बंद केलेलं यंत्रही तासभर उबदार असतं आणि आतलं दही आंबत राहतं. फ्रीजमध्ये किमान तीन तास न हलवता ठेवलं की ते सुरीने कापता येईल असं बसतं. हॉटपॉटचा कार्यक्रम वेगळा आहे: रात्री नऊला विरजण, सकाळी सहाला झाकण उघडायचं, तेव्हा दुधाची ऊब हळूहळू ३० च्या जवळ उतरलेली असते आणि सात ते नऊ तास हा त्याचा स्वाभाविक वेळ आहे. झोपेच्या वेळात बसणारी पद्धत ही आहे, यंत्र नाही.

चवीचा एक मुद्दा यात दडलेला आहे, आणि यंत्रवाले तो क्वचित सांगतात. घरच्या विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र राहतात. काहींना ४२-४३ ची ऊब आवडते आणि ते दही चटकन घट्ट व धारदार आंबट करतात. काही २५ ते ३० ला रमतात आणि घरच्या दह्याचा तो लोण्यासारखा सुवास देतात. विरजण सतत यंत्रातूनच फिरत राहिलं की दुसरा गट हळूहळू मागे पडतो, दही दिसायला सुरेख लागतं पण सपाट होतं. उपाय सोपा आहे. दूध तापलं की एक वाटीभर बाजूला काढून यंत्राबाहेर, कोपऱ्यात लावा, आणि पुढच्या वेळचं विरजण नेहमी त्या वाटीतूनच घ्या. घरचं विरजण जपायचं असेल तर हे काम टाळू नका.

उन्हाळ्यात यंत्र वर माळ्यावर ठेवलं तरी चालेल. मार्च ते मे रात्रीही स्वयंपाकघर २८-३० च्या जवळपास असतं, तेवढी ऊब दह्याला पुरते. उलट इथे दही थांबवायची तयारी लागते. विरजण रात्री अकराला लावा, सहाला फ्रीजमध्ये टाका. दुपारी लावलं तर चार तासांनी बघायला लागा. भांडं शेगडीपासून आणि फ्रीजच्या मागच्या बाजूपासून लांब ठेवा, पाण्याने भरलेल्या ताटात बसवा. मातीचं गाडगं याच काळासाठी आहे: त्याच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे दूध थोडं गार राहतं आणि दही घट्ट होतं. याच कारणाने थंडीत गाडगं घेऊ नका. किंचित अदमुरं असतानाच फ्रीजमध्ये ठेवलेलं उन्हाळी दही दुपारच्या ताटात नेमकं गोडसर उतरतं.

लागलं की नाही ते हलवून बघू नका. भांडं जरासं कलतं करा: दही एकसंध कडेपासून सुटलं आणि कडेला निवळ पाण्याची बारीक रेघ दिसली तर झालं. पृष्ठभाग लाटेसारखा डुलला तर आणखी एक तास. थंडीत सकाळी ते अजून दुधाळच असेल पण वास ताजा असेल, तर नवीन विरजण न घालता, न ढवळता, भांडं ४५ अंशाच्या पाण्यात तासदीड तास बसवा. ढवळलं तर बनत आलेली जाळी मोडते आणि ती पुन्हा नीट जमत नाही. चमच्याला तार धरणारं दही थंडीत फार वेळ मंद ऊबेत राहिल्याने होतं. वास चांगला असेल तर ते घुसळून ताकात वापरा, पण त्याचं विरजण पुढे नेऊ नका, नाहीतर तार पुढच्या भांड्यातही येईल. बुडबुडे, कडू वास किंवा गुलाबी-पिवळी छटा दिसली तर संपूर्ण भांडं टाकून द्या आणि विरजण शेजारच्या घरातून मागून आणा. रात्री वीज गेली तर यंत्रातल्या बरण्या तशाच ठेवून वरून चादर टाका, झाकण उघडू नका. पहिल्या तीन तासांनंतर गेली असेल तर आतली ऊब बहुतेक वेळा काम पुरं करते. त्याआधी गेली असेल तर बरण्यांतलं दूध हॉटपॉटमध्ये ओतू नका, पातेल्यात ४५ अंशाचं पाणी घेऊन बरण्या तशाच त्यात उभ्या करा आणि गुंडाळून ठेवा.